गादी उन्हात टाकली, म्हणजे झालं?

"गटाराचं पाणी घरात आलं. फरशीवर फिनाईल ओतलं, गादी गच्चीवर टाकली. आपल्या जळगावच्या उन्हात जंतू राहतील का?"

राहतात. ऊन गादीची खोळ वाळवतं, आतला कापूस मात्र दिवसेंदिवस ओला राहतो, आणि घाण पाणी शिरलेलं असतं तिथेच. शिवाय गटार उलटतं पावसाळ्यात. तेव्हा मे महिन्यातलं ऊन कुठून आणणार? अशी गादी, उश्या, सतरंजीखालचा फोम, फुगलेलं प्लायवूड आणि भिजलेलं ज्वारीचं पोतं टाकूनच द्या. धान्य धुऊन, वाळवून दळायला नेऊ नका. स्टीलची भांडी, प्लास्टिकच्या खुर्च्या वाचतात. कपडे गरम पाण्यात साबणाने धुवावेत.

फरशीचंही तसंच. गाळावर औषध ओतलं तर ते गाळातच संपतं. आधी मेन स्विच बंद करा, हातमोजे आणि बूट घाला, गाळ खरवडून काढा. मग साबणाच्या पाण्याने घासून धुवा. त्यानंतरच ब्लीचिंग पावडर: दहा लिटरच्या बादलीत ताजी पावडर साधारण 150 ग्रॅम. साका बसू द्या, वरचं पाणी पसरा, दहा मिनिटं फरशी ओली ठेवा, मग धुवा. शहाबादीचे सांधे विसरू नका. उघडी राहिलेली जुनी पावडर आपल्या उकाड्यात लवकर निकामी होते. क्लोरीनचा उग्र वास येत नसेल तर ती घेऊ नका. खिडक्या उघड्या ठेवा आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड त्यात कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.