कामगारांच्या पोरांची भाषा आणि बर्नस्टीनचे दोन कोड, हा वाद आला कुठून?

"या मुलांना घरी भाषाच मिळत नाही, मग शाळेत काय होणार" हे वाक्य आपल्याकडच्या स्टाफरूममध्येही सर्रास ऐकू येतं आणि बीएड झालेलं कोणी असलं की त्याला ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बेसिल बर्नस्टीनचं नावही चिकटतं. पण बर्नस्टीन असं म्हणाला होता का? नाही. अगदीच नाही असंही नाही, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

बर्नस्टीन लंडनच्या ईस्ट एंडचा, ज्यू घरातला. १९५४ पासून काही वर्षं तो सिटी डे कॉलेजात शिकवत होता, तिथे पोस्टात निरोप्याचं काम करणारी पोरं कामातून वेळ काढून यायची. त्याने या पोरांना आणि महागड्या खासगी शाळांतल्या मुलांना दोन टेस्ट दिल्या, एक शब्दांची आणि एक नुसत्या आकृत्यांची. खासगी शाळेतल्यांचे दोन्हीकडचे मार्क साधारण जुळले, पण पोस्टातली पोरं आकृत्यांमध्ये बरी आणि शब्दांत एकदम खाली. म्हणजे डोकं कमी नाहीये, मग अडतंय कुठे? १९५८ च्या त्याच्या लेखात हा प्रश्न आहे, आणि पुढे १९६२ च्या सुमारास त्याने दोन नावं पक्की केली, रिस्ट्रिक्टेड कोड आणि इलॅबोरेटेड कोड.

कोड म्हणजे काय हे त्याच्या टीममधल्या पीटर हॉकिन्सच्या १९६९ च्या कामातून पटकन कळतं. पाच वर्षांच्या मुलांना चार चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावली आणि त्यांच्या बोलण्यावरून त्याने दोन नमुने बनवले. पहिला, मध्यमवर्गीय मुलांचा, साधारण असा, "तीन मुलं फुटबॉल खेळतायत, एकाने बॉल मारला, तो खिडकीतून गेला, काच फुटली, मग एक माणूस येऊन त्यांना ओरडला." दुसरा, कामगारांच्या मुलांचा, असा, "ते खेळतायत, त्याने मारला, तो तिकडून गेला, ती फुटली, मग तो आला नि ओरडला." पहिली गोष्ट, म्हणजे इलॅबोरेटेड, फोनवरही कळेल, दुसरीला, म्हणजे रिस्ट्रिक्टेडला, चित्र समोर पाहिजे. आता गंमत बघा, चित्र तर ऐकणाऱ्या माणसासमोरही होतंच, मग दुसऱ्या पोराचं चुकलं काय? काहीच नाही. घरात, गल्लीत, जिथे सगळ्यांना सगळं माहिती असतं तिथे कोणीही असंच बोलतं, प्रोफेसरसुद्धा. पण शाळेला पहिल्यासारखी गोष्ट हवी असते, ऐकणाऱ्याला काहीच माहिती नाही असं धरून सांगितलेली, आणि मार्क तिलाच.

(इथे आपल्याकडे एक घोळ होतो. हा बोली विरुद्ध प्रमाण मराठी असा वाद नाहीये. वऱ्हाडीत इलॅबोरेटेड बोलता येतं आणि शुद्ध पुणेरीत रिस्ट्रिक्टेड.)

घोळ खरा झाला तो अमेरिकेत. १९६५ ला गरीब घरच्या लहान मुलांना शाळेसाठी तयार करणारा हेड स्टार्ट हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला होता, आणि या मुलांकडे भाषाच नाही, ती आपण भरून काढायची, असं म्हणणाऱ्यांना बर्नस्टीन आयता सापडला. तेव्हा १९६९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्हने न्यूयॉर्कच्या हार्लेममधली एक केस मांडली. आठ वर्षांचा काळा मुलगा मुलाखतीत एकेका शब्दात उत्तरं देत होता, आणि विचारणारा स्वतः काळा, हार्लेममध्येच वाढलेला. पुढच्या वेळी तोच माणूस बटाट्याचे वेफर्स घेऊन आला, मुलाच्या दोस्ताला बोलावलं, स्वतः जमिनीवर बसला आणि शिव्यांचे शब्दही बिनधास्त वापरले, तर पोरगं थांबेना. म्हणजे गप्प बसवलं होतं ते प्रसंगाने. लबॉव्ह बरोबरच होता, फक्त त्याने बर्नस्टीनलाही याच कमतरतावाल्यांच्या रांगेत उभं केलं. बर्नस्टीनने १९७० मध्ये लिहिलं की समाजातली विषमता शाळा भरून काढू शकत नाही आणि "भरपाई" हा शब्दच दोष घरावर ढकलतो. तरी त्याचं सुरुवातीचं लिखाण वाचलं तर गैरसमजाला जागा त्यानेच ठेवली होती असं माझं मत.

मला सगळ्यात पटतो तो १९८१ चा जॅनेट हॉलंडचा प्रयोग. मुलांना खाण्याच्या पदार्थांची चित्रं दिली आणि सांगितलं, तुम्हाला वाटेल तसे गट लावा. मध्यमवर्गीय मुलांनी बहुतेक "या भाज्या", "हे दुधापासून होतं" असे लावले, कामगारांच्या मुलांनी "हे आम्ही घरी नाश्त्याला खातो" असे. मग सांगितलं, आता दुसऱ्या पद्धतीने लावा. तेव्हा मध्यमवर्गातली बरीच मुलं घरच्या खाण्यावर आली, म्हणजे ती पद्धत त्यांनाही येत होतीच, पण मोठ्या माणसाने विचारलंय म्हटल्यावर आधी कुठली दाखवायची हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं. कामगारांची बहुतेक मुलं मात्र पहिल्याच पद्धतीवर राहिली, त्यांनी "वाटेल तसे" हे शब्दशः घेतलं होतं, आणि वर्गात बाई "तुमच्या मनाने लिहा" म्हणतात तेव्हाही हेच होतं, कारण मनाने म्हणजे नक्की कसं हे काही मुलं घरूनच शिकून आलेली असतात.