मायनस पाचचं भिंग बेंचवर

फोंड्याच्या आमच्या हायर सेकंडरीत बारावीच्या एका मुलीने तिच्या जुन्या चष्म्याचं भिंग प्रयोगाला आणलं होतं. नंबर मायनस पाच, म्हणजे नाभीय अंतर २० सेंमी असायला हवं. तिचं उत्तर आलं २३.६. सूत्र बरोबर, गणितही बरोबर. चूक भिंग कुठे ठेवलं यात होती.

अंतर्गोल भिंग किरण पसरवतं. समोरच्या सुईची त्याच्यामुळे होणारी प्रतिमा आभासी असते, ती पडद्यावर धरता येत नाही आणि थेट मोजायला अवघड जाते. म्हणून सोबतीला बहिर्गोल भिंग घ्यायचं. आमचं १५ सेंमीचं होतं. बेंचच्या सेंटिमीटर पट्टीवर सुई शून्यावर आणि भिंग ३० वर ठेवलं की प्रतिमा ६० वर होते. तिथे दुसरी सुई ठेवून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. सुई आणि प्रतिमा एकमेकींपासून सरकत नसतील, तर दोन्ही एकाच जागी आहेत. सरकत असतील तर डोक्याच्या दिशेने जाणारी लांबची समजायची.

आता पहिली सुई आणि बहिर्गोल भिंग यांना अजिबात हात लावायचा नाही. अंतर्गोल भिंग बहिर्गोल भिंग आणि ६० ची खूण यांच्या मध्ये, ४८ वर ठेवायचं. ६० वर मिळायला निघालेले किरण थोडे पसरतात आणि पुढे ७८ वर मिळतात. जिथे किरण पोचलेच नाहीत तो ६० चा बिंदूच आता या भिंगाची वस्तू झाला. म्हणून भिंगापासून वस्तूचं अंतर u = 12 आणि प्रतिमेचं अंतर v = 30.

`f = uv/(u − v) = 360/(−18) = −20 सेंमी`

मुलीने भिंग ५५ वर ठेवलं होतं. तिथे u फक्त ५ असतो आणि v ६.६७. प्रतिमा जेमतेम पावणेदोन सेंमी सरकते, पण ठळक दिसते, म्हणून हात आपोआप तिकडेच जातो. इथे पहिल्या प्रतिमेची जागा २ मिलिमीटर पुढे वाचली की u ५.२ होतो आणि उत्तर २३.६ वर जातं. चष्म्याच्या नंबरात सांगायचं तर मायनस पाचचा सव्वाचार झाला! तीच २ मिलिमीटरची चूक ४८ वर उत्तराला फक्त २०.६ पर्यंत नेते.

मग भिंग आणखी मागे का न्यायचं नाही? ४५ वर v ६० होतो, प्रतिमा मोठी आणि फिकट पडते आणि सुई नेमकी कुठे जुळली ते कळेनासं होतं. ४० वर तर u नाभीय अंतराएवढा होतो, किरण समांतर निघतात आणि बेंच कितीही लांब असला तरी प्रतिमा सापडत नाही.

तिने भिंग ४८ वर आणलं. त्याआधी ६० ची खूण तीनदा नव्याने जुळवली, कारण सगळं उत्तर त्या एका वाचनावर उभं असतं. तिन्ही वेळा उत्तर १९.८ ते २०.३ च्या दरम्यान आलं.