तास कुणाचा, मीटरचा की घड्याळाचा? इंदूर भागातल्या भाड्याच्या ट्रॅक्टरची पार्श्वभूमी

सांवेर, देपालपूर, हातोद या पट्ट्यात ट्रॅक्टर भाड्याने देताघेताना दराच्या आकड्यावरून भांडण क्वचितच होतं. भांडण होतं ते तासावरून. "नऊशे रुपये तास" असं सकाळी ठरतं आणि दोघांनाही पटतं. संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर शेतकऱ्याचे पाच तास भरतात आणि ट्रॅक्टरवाल्याचे सहा. दोघेही खरं बोलत असतात. हे कसं होतं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

मोटेच्या काळात, जिला इकडे चडस म्हणतात, तासाचा प्रश्नच नव्हता. विहिरीचे वाटेकरी असत आणि पाणी पाळीपाळीने मिळे. बैलजोडी मागितली तर दिवसभरासाठी मिळे, तीही बहुधा मजुरीच्या बदल्यात. पैशात दर लावून यंत्र शेतात बोलावण्याची सवय मध्य भारताला लागली ती कांस गवतामुळे. या गवताच्या मुळ्या इतक्या खोल जातात की बैलाच्या नांगराने त्या तुटून उलट जास्त फुटतात. स्वातंत्र्यानंतर लगेच केंद्राने जड ट्रॅक्टरांचा एक ताफा उभा केला. १९४९ मध्ये परदेशी कर्ज काढून आणखी यंत्रं आणली आणि उन्हाळ्यात कांसाने व्यापलेल्या जमिनी खोल नांगरून काढल्या. ही आकारणी एकरावर होती. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या भाडेव्यवहारात माप जमिनीचं होतं, वेळेचं नव्हतं. पुढे हा मुद्दा मागे पडला, आणि मला वाटतं तिथेच घोटाळ्याची सुरुवात झाली.

खाजगी ट्रॅक्टर गावात वाढले ते सोयाबीनबरोबर. पूर्वी माळव्यातली काळी जमीन पावसाळ्यात बरीचशी पडीक ठेवत आणि रब्बीत गहू-हरभरा घेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सोयाबीन आलं आणि एकाच वर्षात दोन पिकं बसवायची घाई सुरू झाली. जूनमध्ये पाऊस पडून वाफसा आला की चार-पाच दिवसांत पेरायचं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढून लगेच जमीन गव्हासाठी तयार करायची. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होता ते आधी आपलं उरकत, मग शेजाऱ्याचं घेत. दुसऱ्याच्या शेतात कुठे ढेकळं जास्त, कुठे काम हळू, हे आधी सांगता येत नसल्याने मालकांनी तास धरला. मोजायला डॅशबोर्डवर मीटर होतंच.

या मीटरचं मोजणं घड्याळासारखं नसतं. जुन्या ट्रॅक्टरांत ते इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं. समजा ते मिनिटाला १५०० फेऱ्या धरून बनवलंय. इंजिन बरोबर १५०० फेऱ्यांवर चाललं तर तासाला एक तास पडतो. रोटाव्हेटरला मागच्या शाफ्टला पुरेसा वेग लागतो म्हणून ड्रायव्हर १८०० पर्यंत नेतो. मग घड्याळाच्या पाच तासांत मीटर सहा तास पुढे जातं. नऊशेच्या दराने शेतकऱ्याचे ४५०० होतात आणि मालकाचे ५४००. याच ट्रॅक्टरवर पंप जोडून १२०० फेऱ्यांवर दहा तास पाणी उपसलं तर मीटर आठच तास दाखवतं, आणि तेव्हा नुकसान मालकाचं. नव्या ट्रॅक्टरांतली डिजिटल मीटरं बहुधा इंजिन चालू असलेला वेळ मोजतात, त्यात बांधावर उभं राहून चहा प्यायलेला वेळही येतो. एकाच गावात दोन्ही प्रकारचे ट्रॅक्टर आले आणि "तास" या एका शब्दाचे तीन अर्थ झाले.

मीटर ही मालकाची लबाडी आहे, असं इंदूरच्या मराठी घरांतही ऐकू येतं, विशेषतः शहरात राहून शेती बटाईने करून घेणाऱ्यांकडून. मला ते अन्यायाचं वाटतं. फेऱ्या वाढल्या की डिझेल आणि झीज दोन्ही वाढतात, म्हणून यंत्रासाठी मीटरचा तास खराच आहे. चूक आहे ती तोच तास शेतकऱ्याच्या बिलावर लावण्याची.

आमच्या सांवेरकडच्या गावात काही वर्षांपूर्वी रब्बीच्या तोंडावर यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. शेवटी पाच-सहा ट्रॅक्टरवाले आणि घेणारे एकत्र बसले. आधी खर्च मांडला. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरवर तासाला सुमारे सहा लिटर डिझेल खातो, त्याचे साडेपाचशे धरले. ड्रायव्हरचे पंचाहत्तर, देखभालीचे सत्तर. आठ लाखांचा ट्रॅक्टर दहा वर्षं, वर्षाला ६०० तास चालला तर झीज आणि व्याज मिळून एकशे नव्वदच्या आसपास. एकूण ८८५. रोटाव्हेटरच्या पात्यांची झीज आणि थोडा नफा वेगळा. म्हणजे नऊशे हा दर जास्त नव्हताच. हाच ट्रॅक्टर वर्षाला ३०० तासच चालला तर झीज-व्याजाचा आकडा दुप्पट होतो, हेही तिथेच सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग माप बदललं. रोटाव्हेटर मध्यम जमिनीत तासाला साधारण दीड बिघा करतो, म्हणून बिघ्याला सहाशे ठरलं. बिघ्याचाही खुलासा करावा लागला. इंदूरकडे चार बिघ्यांचा हेक्टर धरतात, ग्वाल्हेरच्या पाहुण्यांच्या तोंडी तो पाच बिघ्यांचा असतो, आणि मार्चमध्ये पंजाबहून येणारे हार्वेस्टरवाले एकरात बोलतात. म्हणून चार बिघ्यांचा हेक्टर असं वहीत लिहूनच ठेवलं.

पंपाला बिघा चालत नाही. इथे बरीच वर्षं पाच अश्वशक्तीची डिझेल इंजिनं फिरत होती. डिझेल घेणाऱ्याने टाकायचं, ते तासाला साधारण एक लिटर लागायचं, आणि इंजिनाचं भाडं वेगळं. पण विहिरीची पातळी खाली गेली की त्याच तासात पाणी कमी येतं. पंप वरून सात मीटरच्या खालचं पाणी नीट ओढत नाही, मग इंजिन विहिरीत फळीवर उतरवावं लागतं. जानेवारीतला तास आणि मार्चमधला तास एकाच दराचा ठेवला तर घेणारा रडतोच. गावाने पंपाला घड्याळाचा तास ठेवला आणि पातळी उतरली की दर कमी करायचं ठरवलं.

२०१२ च्या सुमारास राज्याने भाडे-केंद्रांना अनुदान द्यायला सुरुवात केली. पुढे केंद्राच्या योजनांचीही भर पडली आणि मोबाइलवरून ट्रॅक्टर मागवता येऊ लागला. त्या केंद्रांच्या पाट्यांवरही बहुतेक ठिकाणी नुसतं "प्रति घंटा" लिहिलेलं असतं.

आमच्या गावात बिघ्याचा दर आल्यावर एक नवा त्रास निघाला. बिलासाठी मीटर लागत नाही म्हटल्यावर त्याकडे कुणी पाहीनासं झालं. एका ट्रॅक्टरची मीटरची केबल तुटली, ती तशीच राहिली. इंजिन ऑइल साधारण २५० मीटर-तासांनी बदलायचं असतं, ते अख्खा रब्बी हंगाम उलटून गेलं. एअर क्लीनरच्या वाटीत धुळीचा चिखल झाला, धूर काळा येऊ लागला आणि भरल्या जमिनीत ट्रॅक्टर दम टाकू लागला. तेव्हापासून सकाळी चावी देताना आणि संध्याकाळी घेताना मीटरचा आकडा वहीत चढतो. त्या आकड्यावरून पैसे घेत नाहीत, ऑइल बदलतात.