फोलिक अ‍ॅसिड: पाळी चुकण्याआधी का सुरू करायचं

दिवस राहिल्याचं कळलं की बहुतेक जणी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात येतात, आणि त्या चिठ्ठीवर फोलिक अ‍ॅसिड असतंच. आम्ही ते देतो. पण या गोळीचं जे सर्वांत मोठं काम आहे, त्याची वेळ तोवर बहुधा निघून गेलेली असते. म्हणून हे पत्रक मुख्यतः ज्यांना अजून दिवस राहिलेले नाहीत, पण पुढच्या काही महिन्यांत राहावेत असं वाटतं, त्यांच्यासाठी आहे. ज्यांना आधीच राहिले आहेत त्यांच्यासाठीही पुढे लिहिलं आहे.

पहिले २८ दिवस

गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीकडच्या बाजूला पेशींची एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि चेन लावावी तशा जुळत जातात. यातून जी नळी तयार होते ती न्यूरल ट्यूब. तिच्या वरच्या टोकापासून मेंदू बनतो, उरलेल्या भागातून पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. कडा जुळायला साधारण २२व्या दिवशी सुरुवात होते, वरचं तोंड २५व्या दिवसाच्या सुमारास मिटतं आणि खालचं २८व्या दिवसापर्यंत. हे दिवस गर्भ धरल्यापासूनचे आहेत.

वरचं तोंड उघडं राहिलं तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी तयारच होत नाही. याला अ‍ॅनेनसेफली म्हणतात, आणि असं बाळ जगत नाही. खालचा भाग नीट मिटला नाही तर स्पायना बिफिडा होतो. यात मणक्यांची कमान अपुरी राहते आणि मज्जारज्जू पाठीवर उघडा पडू शकतो. अशा मुलांच्या पायांत जोर कमी असतो, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, बऱ्याचदा डोक्यात पाणी साठतं. शस्त्रक्रियेने पाठ बंद करता येते, पण इजा झालेल्या नसा पूर्ववत होत नाहीत.

आता हेच कॅलेंडरवर मांडून पाहू. समजा एका बाईची शेवटची पाळी १ मार्चला आली आणि तिचं चक्र २८ दिवसांचं आहे. गर्भ धरतो १५ मार्चच्या आसपास. पुढची पाळी २९ मार्चला यायला हवी होती, ती येत नाही. ती चार-पाच दिवस वाट पाहते आणि ३ एप्रिलला घरी चाचणी करते. डॉक्टरांची वेळ मिळते १८ एप्रिलची, आणि त्या दिवशी संध्याकाळी ती गोळी सुरू करते. १५ मार्चपासूनचा २८वा दिवस मोजा: १२ एप्रिल. म्हणजे पहिली गोळी पोटात गेली त्याच्या सहा दिवस आधीच नळी मिटली, किंवा मिटायची राहून गेली.

इथे मोजणीचाही घोळ होतो. डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीपासून मोजतात. त्यामुळे १२ एप्रिलला तिच्या कागदावर ‘सहा आठवडे’ लिहिलं जाईल आणि आत्ताच तर सुरुवात आहे असं तिला वाटेल. तोवर या बाबतीतला निकाल लागलेला असतो.

मग ३ एप्रिललाच गोळी घेतली असती तर?

काहीच न घेण्यापेक्षा ते बरं. पण फोलिक अ‍ॅसिड असं ऐन वेळी धावून येणारं औषध नाही. फोलेट हे पेशींना डीएनए बनवायला लागणारं जीवनसत्त्व आहे, आणि फोलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीत वापरलं जाणारं रूप. नळी मिटत असताना पेशी फार वेगाने दुप्पट होत असतात. त्या वेळी पुरवठा कमी पडला तर कडा वेळेत एकमेकींपर्यंत पोहोचत नाहीत, आणि त्यांना दुसरी संधी मिळत नाही.

शरीरातला फोलेटचा साठा किती आहे हे लाल रक्तपेशींतल्या प्रमाणावरून चांगलं कळतं. लाल पेशीत फोलेट भरलं जातं ते ती अस्थिमज्जेत तयार होत असतानाच. एकदा रक्तात उतरली की तिच्यातलं प्रमाण फारसं बदलत नाही. अशी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. त्यामुळे आज गोळी सुरू केली तरी जुन्या, कमी फोलेटच्या पेशी जाऊन नव्या भरलेल्या पेशी यायला वेळ लागतो. रोज ४०० मायक्रोग्रॅम घेतल्यावर पुरेशी पातळी गाठायला साधारण दोन ते तीन महिने जातात. किमान एक महिना आधी सुरू करा, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. ते चूक नाही, पण आम्ही तीन महिने आधी असंच सांगतो. वरच्या उदाहरणातल्या बाईने डिसेंबरच्या सुरुवातीला गोळी सुरू करायला हवी होती.

प्रत्यक्षात सर्वांत सोपं म्हणजे गर्भनिरोधक साधन चालू असतानाच फोलिक अ‍ॅसिड सुरू करायचं. दोन-तीन महिने झाले की साधन थांबवायचं. दिवस राहायला वर्ष लागलं तरी ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज चालू ठेवायला हरकत नाही. दोन-तीन महिने प्रयत्न करून, काही झालं नाही म्हणून गोळी सोडून देणाऱ्या बऱ्याच असतात, आणि नेमके त्यानंतर दिवस राहतात. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच घ्या, दोन नकोत.

आहारातूनच का नाही घ्यायचं, असंही विचारलं जातं. आहार चांगला असावाच. पण अन्नातलं फोलेट शिजवताना बरंच नष्ट होतं आणि गोळीतल्या फोलिक अ‍ॅसिडइतकं शोषलंही जात नाही. नुसत्या जेवणावर ती पातळी गाठणं बहुतेकींना जमत नाही.

४०० मायक्रोग्रॅम की ५ मिलिग्रॅम?

पाकिटावरचं एकक वाचा. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. त्यामुळे ५ मिलिग्रॅमची गोळी ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट असते. दिसायला दोन्ही तितक्याच छोट्या.

ज्यांना वेगळा धोका नाही त्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. चीनमध्ये १९९३ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या मोहिमेत हीच मात्रा दिली गेली. उत्तरेकडच्या भागात, जिथे हा दोष फार आढळायचा, तिथे गोळी न घेणाऱ्यांमध्ये त्याचं प्रमाण हजारी ४.८ होतं आणि घेणाऱ्यांमध्ये १. दक्षिणेकडे मुळातच प्रमाण कमी होतं, तिथे ते हजारी १ वरून ०.६ वर आलं.

मोठी मात्रा, म्हणजे ४ किंवा ५ मिलिग्रॅम, वेगळ्या गटासाठी आहे. आधीच्या गर्भात हा दोष होता, किंवा पती-पत्नींपैकी कोणाला स्वतःला स्पायना बिफिडा आहे, तर ती लागते. आईला मधुमेह असेल किंवा फिट येऊ नयेत म्हणून व्हॅल्प्रोएट, कार्बामॅझेपिन यांसारखी औषधं चालू असतील, तरी डॉक्टर ती लिहून देऊ शकतात. फिटची औषधं मात्र गर्भाच्या भीतीने स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांशी बोला, औषध बदलायचं असेल तर तेही दिवस राहण्याआधीच बदललं जातं. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. ते औषध फोलेटच्याच कामात अडथळा आणतं आणि गर्भाला घातक आहे. त्यासोबत दिलेली फोलिक अ‍ॅसिडची गोळी या धोक्यावरचा उपाय नाही.

मोठ्या मात्रेचा पुरावा १९९१ मध्ये मिळाला. सात देशांतल्या ३३ केंद्रांवर, आधीच्या गर्भात असा दोष झालेल्या १८१७ स्त्रियांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने चाचणी घेतली. रोज ४ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांमध्ये ६ गर्भांत दोष आढळला, न घेणाऱ्यांमध्ये २१. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्याआधीच थांबवली गेली. त्यातले ते ६ मात्र लक्षात ठेवा. गोळी वेळेवर घेऊनही काही वेळा दोष होतो, कारण प्रत्येक दोष फोलेटच्या कमतरतेमुळे होत नाही. अशा आईने काहीतरी चुकवलं असं कुणी म्हणू नये.

मोठी मात्रा लागणार असेल तर तशीच गोळी घ्या. रोजच्या मल्टीव्हिटॅमिनच्या पाच-सहा गोळ्या एकदम घेऊन ती भरून काढू नका. त्यात फोलिक अ‍ॅसिडबरोबर अ जीवनसत्त्वही पाच-सहा पट पोटात जातं, आणि रेटिनॉलच्या रूपातलं जास्त अ जीवनसत्त्व गर्भाला अपाय करू शकतं.

शिवाय, गरज नसताना ५ मिलिग्रॅम महिनोन्‌महिने घेत राहू नये. बी-१२ कमी असेल तर जास्त फोलिक अ‍ॅसिडने रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो, पण आत नसांची झीज चालूच राहते. पायाला मुंग्या येणं, बधिरपणा, चालताना तोल जाणं ही तिची लक्षणं. प्राणिजन्य पदार्थ अजिबात न घेणाऱ्यांनी किंवा अगदी कमी घेणाऱ्यांनी आधी बी-१२ तपासून घ्यावं.

आधीच दिवस राहिले असतील तर

आजच सुरू करा, डॉक्टरांच्या भेटीची वाट पाहू नका, आणि १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्या. त्यापुढेही रक्त वाढीसाठी लोहाबरोबर फोलिक अ‍ॅसिड बहुधा चालू ठेवलं जातं, पण त्याचा उद्देश निराळा आहे. गोळी उशिरा सुरू झाली म्हणून घाबरून जाऊ नका. ज्यांनी आधी गोळी घेतलेली नसते त्यांचीही बहुतांश बाळं निरोगी जन्मतात. मात्र ही गोष्ट डॉक्टरांना सांगा. अ‍ॅनेनसेफली बऱ्याचदा ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीतच दिसते. पाठीचा कणा नीट पाहण्याची वेळ १८ ते २० आठवड्यांची, ती सोनोग्राफी चुकवू नका.

दुकानात गोळी घ्यायला याल तेव्हा चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत आणा. आधीच्या बाळंतपणात किंवा गर्भपातात असा काही दोष आढळला होता का, हेही सांगा. गर्दीत बोलायला संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून दिलंत तरी चालेल. वरच्या गटातलं काही निघालं तर आम्ही ४०० मायक्रोग्रॅमचं पाकीट हातात देऊन मोकळे होणार नाही, आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून आणा असं सांगू.