नवी मुंबईच्या पावसाची ‘सरासरी’ येते कुठून?

पावसाळा सुरू झाला की ठाणे, वाशी, बेलापूर असं प्रत्येक ठिकाणच्या पावसाचं ‘सरासरीच्या इतके टक्के’ हे गणित रोज वाचायला मिळतं. ही सरासरी शहराची नसते. ती एका ठरावीक जागी बसवलेल्या पर्जन्यमापकाची असते, आणि त्या मापकाच्या मागे तीस वर्षांच्या नोंदी असाव्या लागतात.

तीस वर्षांचा हा दंडक जुना आहे. 1935 मध्ये वॉर्सा इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हवामानशास्त्रज्ञांनी 1901 ते 1930 हा पहिला प्रमाण कालखंड ठरवला. देशोदेशीच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून पाहता याव्यात, हा त्यामागचा हेतू होता. त्यानंतर 1931 ते 1960 आणि 1961 ते 1990 हे कालखंड आले. हवामान बदलू लागल्यावर तीस वर्षं वाट पाहणं परवडेना, म्हणून 2015 मध्ये जागतिक हवामान संघटनेने दर दहा वर्षांनी सरासरी नव्याने काढायचं ठरवलं. आज वापरात असलेला कालखंड 1991 ते 2020 हा आहे.

हिशेबाची रीत सरळ आहे. रोज सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात आणि तो त्याच दिवसाच्या खात्यावर लिहितात. त्यामुळे 31 जुलैच्या संध्याकाळी पडलेला पाऊस ऑगस्टमध्ये जातो. रोजच्या नोंदींतून महिन्याची बेरीज होते, तीस जुलै महिन्यांच्या बेरजांची सरासरी म्हणजे जुलैचा सामान्य पाऊस, आणि बारा महिन्यांचे असे आकडे मिळवले की वर्षाचा. खरी अडचण गहाळ नोंदींची. तापमानाचे चार-दोन दिवस हुकले तरी महिन्याची सरासरी फारशी हलत नाही. पावसाचा एकच दिवस हुकला आणि नेमका तो धो धो पावसाचा असला, तर महिन्याची बेरीजच खोटी ठरते. म्हणून एकही दिवस गहाळ असेल तर त्या महिन्याची पावसाची बेरीज धरू नये, आणि तीसपैकी किमान चोवीस वर्षं तरी हाती असावीत, असा जागतिक संकेत आहे.

एक दिवस किती जड असतो ते सांताक्रूझच्या नोंदींत दिसतं. तिथे जून ते सप्टेंबरची सरासरी सुमारे 2319 मिलीमीटर आहे, कुलाब्याला सुमारे 2095. म्हणजे एकाच मुंबईत सव्वादोनशे मिलीमीटरचा फरक. 26 जुलै 2005 च्या प्रलयात सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम 74. हे आकडे तीसने भागले तर सांताक्रूझच्या सरासरीत त्या एका दिवसाचे 31 मिलीमीटर येतात आणि कुलाब्याच्या सरासरीत अडीच. म्हणजे फरकातले जवळपास 29 मिलीमीटर एकट्या त्या दिवसाचे. 2001 ते 2030 ची सरासरी निघेल तेव्हाही तो दिवस आत असेल. 2011 ते 2040 च्या हिशेबातून तो बाहेर पडेल.

उरलेला फरक मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा साचत जातो. कुलाबा तीन बाजूंनी समुद्राने वेढलेल्या टोकावर आहे. पश्चिमेकडून येणारे ओले वारे जमिनीवर आत शिरतात, टेकड्यांपाशी वर चढू लागतात, तसा पाऊस वाढतो. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, नवी मुंबईच्या पूर्वेला पारसिकची रांग, आणि त्यापलीकडे माथेरान, जिथे पाऊस मुंबईच्या दुपटीच्या आसपास जातो. शिवाय जुलैतले मोठे ढग कधी कधी काही किलोमीटरच्या पट्ट्यातच रिते होतात. त्यात मापकाची जागाही घोळ घालते. त्याचा काठ जमिनीपासून 30 सेंटीमीटरवर असावा, आणि जवळची भिंत वा झाड स्वतःच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. गच्चीवर ठेवलेल्या मापकावरून वारा थेंब उडवून नेतो आणि पाऊस कमी भरतो.

नवी मुंबईची पंचाईत वेगळीच आहे. सिडकोची स्थापना 1970 ची, महापालिका 1992 ची. बऱ्याच उपनगरांतल्या मापकांची तिशी अजून भरलेलीच नाही, म्हणून तिथे सरासरी अंदाजाने काढावी लागते. समजा, ऐरोलीतल्या एका नव्या मापकाची आठ पावसाळ्यांची सरासरी 2700 मिलीमीटर आली. ती तशीच छापणं चूक, कारण ती आठ वर्षं सगळीकडेच ओली असू शकतात. त्याच आठ वर्षांत सांताक्रूझची सरासरी 2550 असेल, तर गुणोत्तर सुमारे 1.059 निघतं. सांताक्रूझच्या तीस वर्षांच्या 2319 ला त्याने गुणलं की ऐरोलीसाठी साधारण 2455 मिळतात. छापील 2700 पेक्षा हा आकडा कितीतरी विश्वासाचा आहे.

अट इतकीच की दोन्ही ठिकाणी ओली आणि कोरडी वर्षं बरोबरीने यावीत. नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण माथेरानच्या डोंगरापाशी आहे, तिथे हे गुणोत्तर वर्षागणिक बरंच हलू शकतं. मापक मधेच हलवलेला असेल तरीही हिशेब फसतो. ते ओळखायला दोन्ही ठिकाणच्या वर्षावर्षाच्या बेरजा सालवार एकात एक मिळवत नेतात आणि त्या वाढत जाणाऱ्या बेरजा एकमेकींसमोर आलेखावर मांडतात. रेषा सरळ गेली तर ठीक. एखाद्या वर्षापासून ती वाकली आणि तशीच वाकलेली राहिली, तर त्या वर्षी मापकाची जागा बदलली का, शेजारी इमारत उठली का, हे नोंदवहीत शोधायचं आणि वाकण्याआधीचा भाग वेगळा काढून गुणोत्तर पुन्हा मांडायचं.