मैलभर चाला, थांबताच नाडी धरा

बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्यांत दोन तट असतात. एक घड्याळवाले, दुसरे घामवाले. घड्याळवाले किती मिनिटांत फेरी मारली ते सांगतात, घामवाले शर्ट किती भिजला ते दाखवतात. खरं तर दम किती आहे हे कळायला दोन्ही गोष्टी लागतात. किती वेगात चाललात, आणि तो वेग हृदयाला किती ठोक्यांना पडला. चाळिशीनंतर पहिल्यांदाच चालायला निघालेल्या माणसाला ट्रेडमिलवर जीव तोडून धावायला लावणं धोक्याचं असतं. म्हणून १९८७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधी चाचणी बसवली: एक मैल जमेल तितकं झपझप चालायचं, लागलेला वेळ आणि शेवटची नाडी टिपायची. रॉकपोर्ट या बूट बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने ती ओळखली जाते. ३० ते ६९ वयाच्या ३४३ स्त्री-पुरुषांना त्यांनी चालवलं आणि त्यांचा प्राणवायू वापरण्याचा कमाल दर प्रयोगशाळेतही मोजला. मग दोन्हींचा मेळ घालून एक सूत्र काढलं.

नाडीवरून दम कसा कळतो? विहिरीवर एकीकडे कळशी, दुसरीकडे मोठी घागर. हौद भरायला कळशीवालीला जास्त खेपा लागतात. सराव असलेलं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याच वेगाला त्याला कमी ठोके पुरतात. ठोक्याच्या रक्ताचं माप बाहेरून दिसत नाही, पण खेपा मोजता येतात.

आता अंतर. एक मैल म्हणजे १६०९ मीटर. शाळेच्या किंवा स्टेडियमच्या ४०० मीटरच्या धावपट्टीवर आतल्या रेषेने चार फेऱ्या आणि वर ९ मीटर. धावपट्टी नसेल तर सपाट रस्ता शोधा, आणि बेळगावात तो शोधावाच लागतो, कारण इथले बरेच रस्ते चढउताराचे. मोटारसायकलच्या मीटरवर १.६ किलोमीटर मोजून घेतलंत तरी चालेल. झाडांखाली मोबाइलचं अंतर भरकटतं, त्यावर फार विसंबू नका. चालताना एक पाय कायम जमिनीवर हवा. मधेच धावलात तर चाचणी बाद, कारण सूत्र चालणाऱ्यांवरच बसवलेलं आहे.

मैल संपला की थांबा आणि पाच सेकंदांच्या आत नाडी धरा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तर्जनी आणि मधल्या बोटाने. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्याची स्वतःचीच नाडी मधे येते. १५ सेकंदांत पडलेले ठोके मोजून चौपट करायचे. काही जण मानेवरची नाडी दाबतात. ती जोराने दाबली तर तिथल्या रक्तदाब ओळखणाऱ्या चेतातंतूंमुळे ठोके मंदावतात, आणि वय झालेल्या माणसाला भोवळही येऊ शकते. मनगटच बरं.

घाई का? मूळ प्रयोगात नाडी छातीवरच्या यंत्राने शेवटच्या पाव मैलात, चालता चालता टिपली होती. थांबल्यावर निरोगी हृदय पहिल्याच मिनिटात पंधरा-वीस ठोक्यांनी खाली येऊ शकतं. बाकावर बसून, पाणी पिऊन, ‘चला मोजू की आता’ म्हणाल तोवर नाडी उतरलेली असते आणि तुम्ही कागदावर उगाच तंदुरुस्त ठरता.

सूत्र असं आहे. उत्तर येतं ते मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे किती मिलिलिटर प्राणवायू शरीर वापरू शकतं या मापात. मूळ सूत्रात वजन पौंडांत होतं, इथे किलोंत करून घेतलं आहे.

```
कमाल = १३२.८५३ − ०.१६९५×वजन − ०.३८७७×वय
       + ६.३१५ (फक्त पुरुषांसाठी)
       − ३.२६४९×मिनिटे − ०.१५६५×नाडी
```

समजा शहापूरच्या एक वहिनी आहेत. वय ४६, वजन ६८ किलो, मैलाला साडेसतरा मिनिटं. थांबताच १५ सेकंदांत ३५ ठोके, म्हणजे मिनिटाला १४०. वजनापोटी ११.५ वजा, वयापोटी १७.८, वेळेपोटी ५७.१, नाडीपोटी २१.९. उरतात २४.४. निवांत बसलेलं शरीर दर किलोमागे साधारण ३.५ वापरतं, म्हणजे वहिनींची कमाल विश्रांतीच्या सातपट. त्यांच्या चालण्याचा तो वेगच विश्रांतीच्या जवळपास चौपट मागतो. रोजच्या झपझप चालण्यातच निम्म्याहून अधिक ताकद खर्च होत असेल, तर जिना चढताना धाप का लागते ते कळतं.

सूत्रातले आकडे जरा निरखून पाहा. एक मिनिट ३.२६ गुण खातं, तर एक ठोका जेमतेम ०.१६. म्हणजे एक मिनिट म्हणजे २१ ठोके! त्याच वहिनी गप्पा मारत २२ मिनिटांत पोचल्या आणि नाडी १०४ वरच राहिली, तर उत्तर येतं १५.४. हृदय तेच, माणूस तोच, पण रमतगमत चालल्यामुळे आकडा कोसळला. कमी नाडीची भरपाई हे सूत्र पूर्ण करत नाही. म्हणून सोबत चालायला घ्या हवं तर, पण चाचणीच्या दिवशी बोलणं बंद. अंतराचंही तसंच. रस्ता शंभर मीटर कमी भरला तर वहिनींचा मिनिटभर वेळ वाचतो आणि साडेतीन गुण फुकट पदरात पडतात. नाडी एका ठोक्याने चुकली तर चौपटीत चार ठोक्यांचा फरक पडतो, म्हणजे ०.६ गुण. लोक काळजी मात्र नाडीचीच करतात.

नाडी खरोखर फसवते ती एका ठिकाणी. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर ठोके मुद्दाम दाबलेले असतात. ५२ वर्षांचे, ७४ किलोचे एक काका १६ मिनिटांत मैल चालले आणि नाडी १०४ आली, तर सूत्र त्यांना ३८ देतं. गोळी नसती तर नाडी १३६ असती असं धरलं, तर उत्तर ३३. ते पाच गुण गोळीचे आहेत, काकांचे नाहीत. अशांनी हा आकडा बाजूला ठेवावा आणि नुसत्या वेळेची स्वतःशीच तुलना करावी. ही चाचणी चांगली यावी म्हणून गोळी चुकवणं हा तर शुद्ध वेडेपणा. या गोळ्या अचानक बंद केल्या तर हृदयावर उलटतात. ठोके एकसारखे पडत नसतील तरी १५ सेकंदांच्या मोजणीला अर्थ उरत नाही, तिथे डॉक्टरांनाच नाडी दाखवावी. चालताना छातीत दडपण किंवा चक्कर आली तर मैल तिथेच सोडा.

सूत्राची चूक एरवीही लहान नाही. प्रयोगशाळेतल्या मोजमापापेक्षा उत्तर साधारण पाचने इकडे-तिकडे पडतं. त्यामुळे शेजारणीचे २७ आणि आपले २५ यावरून वाद घालण्यात राम नाही. पण तोच माणूस, तोच रस्ता, तीच सकाळची वेळ असेल तर चुकीचा मोठा भाग दोन्ही वेळा सारखाच राहतो, आणि फरक विश्वासार्ह ठरतो. एप्रिलच्या उन्हात एकदा आणि पावसाळ्यातल्या गार सकाळी एकदा, असं मात्र करू नका. उष्म्याने नाडी आपोआप चढते. निघण्याआधीचा कडक चहाही टाळा.

पहिल्या खेपेचा आकडा मी तरी वहीत लिहीत नाही. पहिल्यांदा सगळेच सुरुवातीला सुसाट सुटतात आणि तिसऱ्या फेरीला ढेपाळतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा चाला, तो आकडा धरा. वहिनींनी आठ आठवडे नियमाने चालून मैल पावणेसतरा मिनिटांवर आणला आणि १५ सेकंदांत ३३ ठोके पडले, म्हणजे नाडी १३२, तर वजन तेच धरून उत्तर येतं २८.१. वेळ पाऊण मिनिटाने कमी आणि ठोकेही आठाने कमी.