सुट्टीतलं काम आणि कंपनीची परवानगी

‘शनिवार-रविवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर काम करायचं, मग कंपनीला कशाला विचारायचं?’

कारण नेमणूकपत्रातली अट बहुतेक वेळा तासांची नसते. ‘लेखी संमतीशिवाय इतरत्र काम नाही’ हे वाक्य सुट्टीलाही लागू होतं. शेजारीच बौद्धिक संपदेचं, म्हणजे तुम्ही बनवलेल्या गोष्टींची मालकी कोणाची हे ठरवणारं कलम बहुतेकदा असतं. ते आधी वाचा.

‘फ्रीलान्सिंग करू का?’ असं मोघम विचारलं की बहुतेकदा नकारच येतो. एकच काम समोर ठेवा. समजा, तुम्ही बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर आहात आणि एका दंतवैद्याची वेबसाइट करायची आहे. एचआर आणि मॅनेजर दोघांना असा ईमेल पाठवा:

‘काम दंतचिकित्सालयाच्या वेबसाइटचं, दोन महिने, फक्त शनिवारी चार तास. हे दंतवैद्य आपल्या कंपनीचे स्पर्धक, ग्राहक किंवा पुरवठादार नाहीत. कंपनीचा लॅपटॉप, सॉफ्टवेअर, फाइल्स वापरणार नाही. या डिझाइनवर कंपनी हक्क सांगणार नाही, हेही कृपया लेखी कळवावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर दंतवैद्याला विकलेल्या डिझाइनच्या मालकीवरच वाद होऊ शकतो. तोंडी ‘हो’वर सुरुवात करू नका, मॅनेजर बदलला की ते सिद्ध करता येत नाही. पुढचा ग्राहक एखादी पतसंस्था असेल तर ही परवानगी चालणार नाही. तिथे हितसंबंध थेट आड येतात, पुन्हा विचारावंच लागेल.